तूप सहारला सुटते, हीथ्रोला अडते

घरच्या साजूक तुपाची बरणी मोठ्या बॅगेत घालून मुंबईहून निघालात, तर न्यूअर्कला ती बहुधा सुखरूप उतरते. हीच बरणी घेऊन लंडनला उतरलात आणि अधिकाऱ्याने बॅग उघडली, तर तूप जप्त. आणि ती हातातल्या पिशवीत ठेवलीत, तर सहार विमानतळाची सुरक्षा तपासणीसुद्धा ओलांडणार नाही. तूप तेच, कढवणारे हात तेच. लोक मग ‘नशिबाचा भाग’ म्हणून सोडून देतात. पण यात नशीब फारच थोडे असते. वाटेत दोन निरनिराळी खाती भेटतात, त्यांची भीती निरनिराळी असते, आणि आपण दोघांनाही ‘कस्टमवाले’ म्हणून मोकळे होतो.

पहिली भीती स्फोटकांची. 2006च्या ऑगस्टमध्ये लंडनहून अमेरिकेला जाणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला आणि त्यातून 100 मिलीचा नियम आला. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानातला द्रव, जेल किंवा लगदा 100 मिलीपर्यंतच्या डबीत हवा. इथे मोजतात ती डबी, आतला ऐवज नाही. अर्धा लिटरच्या बरणीत तळाशी दोन चमचे लोणचे उरले असले तरी ती बरणी अर्ध्या लिटरचीच. तूप थिजलेले आहे, फ्रीजरमधून काढून दगड झाले आहे, हा युक्तिवादही चालत नाही. तापमान वाढले की जे वाहते ते जेलमध्येच धरतात. लोणचे, तूप, मुरंबा, श्रीखंड, पाकातले गुलाबजाम ही सगळी मंडळी म्हणून मोठ्या बॅगेत.

कोरडा खाऊ हातात नेता येतो, पण तो यंत्राला खटकतो. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी रंगात दिसतात. साखर, बेसन, तूप सेंद्रिय, आणि बरीचशी स्फोटकेही सेंद्रियच. डब्यात ठासून भरलेले किलोभर बेसनाचे लाडू पडद्यावर एक दाट नारिंगी गोळा होऊन येतात, आणि बॅग बाजूला काढली जाते. जवान डबा उघडायला सांगतो तेव्हा त्याला लाडू नको असतो (कधी कधी असतोही म्हणा). त्या गोळ्यात आणखी काही दडलेले नाही ना, एवढेच बघायचे असते. म्हणून डबा वरच ठेवावा, चिकटपट्टीचे दहा वेढे देऊ नयेत. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात पुडीचीही मर्यादा आहे. 2018च्या जूनअखेरीपासून हातातल्या सामानात 350 मिलीपेक्षा जास्त भुकटी असेल तर वेगळी तपासणी होते, आणि शंका फिटली नाही तर ती ठेवून जावे लागते. मेतकूट आणि गोडा मसाला हातात घेऊन विमानात चढण्याची हौस कशाला?

मोठी बॅग मात्र अगदीच मोकळी नाही. सुके खोबरे तिथेही चालत नाही. त्यात तेल भरपूर असते, आणि साठ्यात ते आपोआप तापून पेट घेऊ शकते म्हणून हवाई वाहतुकीच्या नियमांत त्याची नोंद धोकादायक मालात आहे. वाट्या घेऊन विमानतळावर गेलेल्यांना त्या काढून ठेवाव्या लागतात.

इथवर विमानाची काळजी झाली. उतरल्यावर जो अधिकारी भेटतो, त्याला तुमच्या बरणीतून स्फोट होण्याची भीती नसते. त्याला रोगाची आणि किडीची भीती असते, आणि ती पोकळ नाही.

2001 साली ब्रिटनमध्ये गुरांना लाळ्या खुरकूत झाला. आपल्या गोठ्यांना हा रोग नवा नाही. तोंडात आणि खुरांत फोड येतात, दूध आटते, लस टोचतात. ब्रिटनमध्ये तो नव्हता, म्हणून आल्यावर एकच उपाय केला गेला: साठ लाखांहून अधिक जनावरे मारली. नॉर्थम्बरलँडमधल्या एका डुक्करपालकाने न उकळलेले उष्टे खरकटे डुकरांना घातले आणि त्यात बाहेरून चोरून आलेले मांस असावे, असा तपासाचा निष्कर्ष होता. कुणाच्या तरी बॅगेतून आलेले अन्न उरते, कचऱ्यात जाते, कचरा जनावराच्या तोंडी लागतो, ही साखळी त्या देशाने पाहिलेली आहे. म्हणून भारतातून येणाऱ्या प्रवाशाला तिथे मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. 2025च्या जानेवारीत जर्मनीत हाच रोग निघाला, आणि एप्रिलपर्यंत ब्रिटनने युरोपातून येणाऱ्या प्रवाशांचे चीजसुद्धा बंद केले. तेव्हा आपल्या पेढ्यांवर खास राग आहे, असे समजायचे कारण नाही.

अमेरिकेलाही लाळ्या खुरकुताची धास्ती आहे, पण तिथल्या नियमांनी चीज, लोणी आणि लोण्याचे तेल बाजूला काढले आहे. लोण्याचे तेल म्हणजे आपले तूपच. लोणी कढवताना पाणी उडते, बेरी खाली बसते, उरतो तो स्निग्धांश. न्यूअर्कला तूप सुटते ते यामुळे. खवा आणि दुधाची भुकटी या सवलतीत नाहीत, म्हणून तुपाला लागू होते ते बर्फीला लागू होते असे धरून चालू नये.

अमेरिकेची दुसरी धास्ती आपल्याकडे कुणाला सुचणारही नाही: तांदूळ. खापरा भुंगेरा नावाचा किडा मूळचा आपल्याच भागातला. दोन-तीन मिलिमीटरचा. त्याची अळी पोत्याच्या शिवणीत, फटीत जाऊन बसते आणि खायला काही न मिळता वर्षानुवर्षे जिवंत राहते. 1953 साली कॅलिफोर्नियातल्या धान्यकोठारांत तो सापडला. निपटून काढायला 1966 उजाडले. म्हणून 2011 पासून भारतासारख्या देशांतून प्रवाशाच्या सामानात तांदूळ न्यायला अमेरिकेत बंदी आहे, आणि कच्च्या हरभऱ्यांनाही. ऑस्ट्रेलियाने 2020 मध्ये यादी आणखी लांबवली. तांदूळ, हरभरे, जिरे, धणे, सुक्या मिरच्या, कडधान्ये असा अर्धा वाणसामानाचा कागदच तिच्यात आहे. ताजा कढीपत्ताही अमेरिकेत नको. त्यावर बसणारा एक बारीक किडा लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवतो, आणि त्या रोगाने फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त झाल्या आहेत.

आता एक बॅग भरून बघू. पुण्याच्या एक बाई डिसेंबरात मुलीकडे लंडनला आणि तिथून महिन्याने मुलाकडे न्यू जर्सीला निघाल्या आहेत. त्यांच्या यादीत कैरीचे लोणचे, तूप, पेढे, चकल्या, गोडा मसाला आणि आंबेमोहर. लोणचे लंडनला चालते, कारण ते प्रक्रिया केलेले, निव्वळ वनस्पतीचे आहे. चकल्या चालतात, मसाला चालतो. पेढे आणि तूप लंडनला थांबतात. मुलासाठी घेतलेले तूप ‘मी इथे वापरणार नाही, पुढे नेणार आहे’ म्हणूनही सुटत नाही, कारण बाई लंडनला सीमा ओलांडून आत जाणार आहेत. आंबेमोहर पुढे न्यूअर्कला अडेल. लंडनहून आला म्हणून तो इंग्लंडचा होत नाही, अधिकारी बघतो ते धान्य कुठे पिकले ते. म्हणजे या प्रवासात तूप, पेढे, तांदूळ घरी ठेवलेले बरे. मुलाला तूप द्यायचेच असेल, तर मुंबईहून थेट अमेरिकेला जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत घालावे.

आणि लोणचे? ते खरे तर कायद्यापेक्षा हवेच्या दाबाने जास्त बिघडते. विमानाच्या पोटातही दाब प्रवाशांच्या कक्षाएवढाच ठेवतात, म्हणजे साधारण सात-आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा. जमिनीवरच्या दाबाच्या मानाने तो जवळजवळ पाव भागाने कमी. बरणीत झाकणाखाली कोंडलेली हवा तेवढी फुगते आणि वाट शोधताना तेलाला पुढे ढकलते. त्यात लोणचे नुकतेच घातलेले असेल तर ते मुरताना स्वतःही वायू सोडत असते. गेल्या उन्हाळ्यातले, पूर्ण मुरलेले लोणचे न्यावे. वरचे जादा तेल काढून घ्यावे, काचेची बरणी टाळावी. दादर-पुण्यातली बरीच दुकाने हवा काढून प्लास्टिकच्या पिशव्या सील करून देतात, त्यात अर्धा-अर्धा किलो भरावे, पिशवीवर आणखी एक पिशवी, आणि मग ती कपड्यांपासून वेगळ्या डब्यात. पिशवीवर इंग्रजीत आत काय आहे ते लिहावे. बिनलेबलाचा लालभडक लगदा पाहून कुठलाही अधिकारी प्रश्न विचारणारच.

दुबई आणि सिंगापूरची गोष्ट वेगळी, आणि ती फक्त जप्तीवर थांबत नाही. अनारशावर आपण खसखस लावतो. खसखस अफूच्या झाडाची, म्हणून संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. भाजीला म्हणून नेलेल्या पुडीवरून तिथे लोकांवर खटले झाले आहेत. तिकडे जाणाऱ्या फराळातून अनारसे सरळ वगळावेत, आणि गरम मसाला घरचा असेल तर त्यात खसखस पडली होती का, हे आधी आठवून बघावे.

राहिला तो सोपा प्रश्न, ज्यावर सगळ्यात जास्त माणसे अडकतात. अमेरिकेत अधिकारी विचारतो: खाण्याचे काही आहे? आपले उत्तर तयार असते: नाही. कारण ‘आहे’ म्हटले की बॅग उघडणार, वेळ जाणार, लोणचे जाणार. तिथला व्यवहार नेमका उलटा आहे. ‘आहे’ सांगितले आणि वस्तू बंदीतली निघाली, तर वस्तू जाते, दंड होत नाही. ‘नाही’ म्हणालात आणि पट्ट्याजवळ फिरणाऱ्या बीगल कुत्र्याने बॅगेजवळ बसकण मारली, तर घरगुती खाऊसाठीही पहिल्या खेपेला साधारण 300 डॉलर दंड होतो. ही कुत्री 1984 पासून या कामावर आहेत आणि आंब्याचा वास त्यांना चांगला कळतो. ऑस्ट्रेलिया याहून कडक. 2022 मध्ये बालीहून डार्विनला उतरलेल्या एका प्रवाशाला न सांगितलेल्या दोन मॅकमफिन आणि एका क्रोसाँसाठी 2,664 ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले.

आईवडिलांना एकटे पाठवताना इंग्रजीची अडचण असते. तेव्हा घाबरून मान हलते ती नकारार्थीच. त्यांच्या पासपोर्टात एक कागद ठेवावा आणि त्यावर बॅगेतल्या प्रत्येक पदार्थाचे इंग्रजी नाव, त्यातले मुख्य घटक आणि ‘घरी केलेले’ एवढे लिहावे. विचारले की बोलायचे नाही, कागद पुढे करायचा.