लंडनवरून गेलेली सूर्यरेषा

21 मार्चला संध्याकाळी 5 वाजून 37 मिनिटांनी पुण्यात एक मुलगी जन्मली, असे धरू. त्या क्षणी पुण्यात सूर्य मावळायला तासभर उरला आहे. लंडनमध्ये मात्र भर मध्यान्ह आहे, सूर्य आकाशात सर्वांत उंच आहे.

पंचवीस वर्षांनी ही मुलगी विचारते, नोकरीसाठी कुठे जाऊ? पाश्चात्त्य पद्धतीचा ज्योतिषी तिची स्थलांतर-पत्रिका मांडतो. जन्मक्षण तोच आणि ग्रहांच्या राशीही त्याच राहतात. फक्त ती लंडनला जन्मली असती तर लग्न आणि स्थाने कशी आली असती, ते पाहायचे. पुण्यात सूर्य सप्तमात, म्हणजे जोडीदाराच्या स्थानी होता. लंडनमध्ये तो दशमाच्या उंबरठ्यावर येतो. दशम म्हणजे कर्मस्थान. म्हणून सल्ला मिळतो : करिअरसाठी लंडन गाठ.

हाच हिशेब जगाच्या नकाशावर रेषांनी दाखवण्याची पद्धत जिम लुईस या अमेरिकी ज्योतिषाने 1970 च्या दशकात लोकप्रिय केली. तिला अ‍ॅस्ट्रोकार्टोग्राफी म्हणतात. जन्मक्षणी एखादा ग्रह कुठे उगवत होता, कुठे मावळत होता, कुठे माथ्यावर आणि कुठे त्याच्या बरोबर उलट, पायाखाली होता, अशा प्रत्येक ग्रहाच्या चार रेषा. सूर्य-चंद्र धरून दहा ग्रहांच्या चाळीस. नातेसंबंधांसाठी शुक्राची मावळती रेषा शोधतात.

रेषा काढण्यामागचे खगोलगणित अचूक आहे. सायन-निरयन वादाचाही तिथे अडथळा नाही, कारण ग्रह कधी उगवतो हे राशिचक्रावर अवलंबून नसते.

अडचण पुढे आहे. माथ्यावरची रेषा ध्रुवापासून ध्रुवापर्यंत सरळ जाते. लंडनवरून निघालेली या मुलीची सूर्यरेषा स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाजवळून आणि घानाच्या अक्रावरूनही जाते. तिन्ही शहरांना तोच करिअरचा कौल! शिवाय रेषा जन्मस्थळावर नव्हे, जन्मक्षणावर ठरतात. त्याच मिनिटाला जगात कुठेही जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा नकाशा हाच.

आता वेळ पाहा. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. दवाखान्यात नोंदलेल्या वेळेपेक्षा जन्म खरोखर पंधरा मिनिटे उशिरा झाला असेल, तर रेषा पावणेचार अंश पश्चिमेला सरकते. लंडनच्या अक्षांशावर हे अंतर सुमारे 260 किलोमीटर भरते, आणि सूर्यरेषा वेल्समधल्या स्वॉन्झीवरून जाते. यावर उपाय म्हणून रेषेच्या दोन्ही बाजूंना शेकडो किलोमीटर प्रभाव मानला जातो. मग चाळीस रेषांच्या टप्प्यातून एखादे मोठे शहर सुटणे अवघड होते.

मुळात स्थानांवरून माणसाचे काही कळते का, याची एक चाचणी पुण्यातच झाली. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतल्या मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना ओळखायला दिल्या. सत्तावीस ज्योतिषांची बरोबर उत्तरे सरासरी 46 टक्के आली. नाणे उडवूनही जवळपास तेवढीच आली असती. ती चाचणी या रेषांची नव्हती, पण रेषांचे अर्थ त्याच स्थानांतून आलेले आहेत.

असा सल्ला विकत घेणार असाल, तर आधी आपली जन्मवेळ पंधरा मिनिटांनी बदलून दुसरा नकाशा मागवा आणि दोन्ही नकाशांतली शहरे ताडून पाहा.