तीन पुस्तकं, एक परिच्छेद: ‘गोधडी’ लेखन वाङ्मयचौर्य कधी ठरतं?

वर्ध्यात गांधीजींवर प्रकल्प लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यासमोर बहुतेक वेळा तीन भाषांतलं साहित्य असतं. एखादी हिंदी पुस्तिका, एखादा इंग्रजी लेख आणि जिल्ह्याची माहिती देणारं मराठी पुस्तक. तिघांतून थोडं थोडं घ्यायचं, शब्द जरा बदलायचे, मराठीत जोडायचं, की परिच्छेद तयार. एकही वाक्य जसंच्या तसं उचललेलं नसतं, म्हणून ही चोरी आहे असं लिहिणाऱ्याला वाटतही नाही.

या प्रकाराला ‘मोझेक प्लेजरिझम’ म्हणतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ही गोधडी आहे. शिवण तुमची, पण तुकडे दुसऱ्यांचे, आणि कुठला तुकडा कुणाचा हे वाचणाऱ्याला कळत नाही.

नमुना पाहू

विषय घेऊ सेगावचं सेवाग्राम कसं झालं हा. खालचे तीन उतारे या लेखासाठी नमुन्यादाखल तयार केले आहेत. त्यांतली माहिती खरी आहे.

हिंदी पुस्तिका: “जमनालाल बजाज के निमंत्रण पर गांधीजी वर्धा आए और इस ज़िले को अपनी कर्मभूमि बनाया।”

इंग्रजी लेखाचा आशय: हे आडबाजूचं खेडं काही वर्षांतच देशाच्या राजकारणाचं अघोषित मुख्यालय झालं.

मराठी पुस्तक: “सेगाव हे जेमतेम सोयींचे, मातीच्या वाटांचे गाव. बुलडाणा जिल्ह्यातील शेगावशी नामसाधर्म्य असल्याने टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० मध्ये त्याचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले.”

आता यांतून शिवलेला परिच्छेद:

“जमनालाल बजाज यांच्या निमंत्रणावर गांधीजी वर्धा येथे आले आणि या जिल्ह्याला आपली कर्मभूमी बनवलं. १९३६ साली ते सेवाग्राम या जेमतेम सोयींच्या, मातीच्या वाटांच्या गावी राहायला गेले. लवकरच हे आडबाजूचं खेडं देशाच्या राजकारणाचं अघोषित मुख्यालय बनलं. शेगावशी नामसाम्य असल्यामुळे टपालाचा गोंधळ होई, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव बदलण्यात आलं (मराठी पुस्तक, पृ. ३१).”

यात चुकलं काय?

परिच्छेदाच्या शेवटी एक संदर्भ आहे, पण तो फक्त शेवटच्या वाक्याला लागू होतो. पहिलं वाक्य हिंदी पुस्तिकेचं आहे आणि तिसऱ्यातली कल्पना इंग्रजी लेखाची. त्या दोघांचा उल्लेखच नाही. ‘मातीच्या वाटांच्या गावी’ हे वर्णन मराठी पुस्तकाच्या लेखकाने घडवलेलं आहे, पण ते अवतरणचिन्हांशिवाय आलं आहे. शेवटच्या वाक्याला संदर्भ असूनही ते अडचणीचंच आहे. ‘साधर्म्य’चं ‘साम्य’ आणि ‘घोटाळा’चं ‘गोंधळ’ झालं, पण वाक्याची बांधणी तीच राहिली.

सराईत परीक्षकाला अशी शिवण सापडते. ‘निमंत्रणावर’ हा शब्द पाहा. मराठीत आपण ‘निमंत्रणावरून’ म्हणतो. ‘निमंत्रण पर’ हिंदीतून तसंच उतरलं आहे. दुसरी खूण आशयातली आहे. परिच्छेद म्हणतो की गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला गेले आणि १९४० मध्ये गावाचं नाव बदललं. मग आधीचं नाव काय होतं? ते कुठेच आलेलं नाही. तुकडे जोडताना मधला धागा सुटला, कारण लिहिणाऱ्याने ही गोष्ट स्वतः सलग मांडून पाहिलीच नाही.

सॉफ्टवेअर हे पकडतं का?

बरेचदा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर बंदी आणि त्यापुढे नोंदणी रद्द. सामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे या मोजणीतून वगळायची मुभा आहे.

गोधडीतले तुकडे अनेकदा पाचसहा शब्दांचेच असतात. शिवाय शब्द जुळवणाऱ्या यंत्रणेला हिंदी वाक्य आणि त्याचं मराठी रूप एकच आहे हे सहसा ओळखता येत नाही. म्हणून आपला परिच्छेद अहवालात दोन टक्क्यांवर येऊ शकतो आणि तरी वाङ्मयचौर्य असू शकतो. त्याच नियमांत वाङ्मयचौर्याची जी व्याख्या आहे, तिच्यात दुसऱ्याचं काम आणि दुसऱ्याची कल्पना, दोन्ही येतात. टक्केवारी फक्त शब्द मोजते.

मग लिहायचं कसं?

खरी चूक लिहिताना होत नाही, टिपणं काढताना होते. वहीत वाक्यं उतरवली की पंधरा दिवसांनी ती आपलीच वाटू लागतात. म्हणून प्रत्येक स्रोताला वेगळं पान द्या आणि त्यावर दोन रकाने आखा. डावीकडे जसेच्या तसे घेतलेले शब्द, अवतरणचिन्हांत आणि पृष्ठक्रमांकासह. उजवीकडे नुसती तथ्यं, तीही वाक्यात न लिहिता: ‘सेगाव – टपाल – शेगावला जायचं – १९४०’. हिंदी आणि इंग्रजी मजकुराची टिपणं वाक्यशः भाषांतर न करता अशीच तुटक काढा.

मग सगळी पुस्तकं मिटा आणि या परिच्छेदातून मला काय सांगायचं आहे, ते एका वाक्यात लिहा. वरच्या नमुन्यात असं वाक्यच नव्हतं, म्हणून तुकडे एकामागोमाग एक आले. समजा तुमचं वाक्य असं आहे: नाव बदलायची वेळ टपालामुळे आली, यावरूनच गाव किती महत्त्वाचं झालं होतं ते दिसतं. आता परिच्छेद असा होईल:

“१९३६ मध्ये गांधीजी राहायला आले तेव्हा सेवाग्राम हे नाव नव्हतंच. गावाला सेगाव म्हणत. त्यांना वर्ध्याला आणण्यात जमनालाल बजाज यांचा पुढाकार होता (हिंदी पुस्तिका, पृ. ४). पुढे या खेड्याचं महत्त्व इतकं वाढलं, की एक इंग्रजी लेखक त्याला ‘अघोषित मुख्यालय’ म्हणतो (इंग्रजी लेख, पृ. २, भाषांतर माझं). पत्रं चुकून बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगावला जात, आणि १९४० च्या नामांतराचं कारण मराठी पुस्तक हेच देतं (पृ. ३१). माझ्या मते या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. फारशी पत्रं न येणाऱ्या खेड्याला सारख्या नावाचा एवढा त्रास झाला नसता.”

इथे स्रोत तेच तीन आहेत, माहितीही तीच आहे. फरक असा, की कोण काय म्हणालं ते जागच्या जागी कळतं आणि शेवटचा निष्कर्ष कुणाचा, हेही.

प्रत्येक वाक्याला संदर्भ हवा का?

नाही. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहायला गेले हे अनेक पुस्तकांत सापडतं, त्याला संदर्भाची गरज नाही. संस्थांची नावं, कायद्यांची शीर्षकं, ठरलेल्या परिभाषा बदलायच्या नसतात. तिथे समानार्थी शब्द शोधत बसलात तर अर्थच बिघडेल. संदर्भ हवा तो कुणी दिलेल्या कारणाला, मताला, खास शब्दप्रयोगाला आणि मांडणीच्या क्रमाला.

सादर करण्याआधी छापील प्रत घ्या आणि प्रत्येक स्रोताला एक रंग ठरवा. ज्या शब्दांचा किंवा कल्पनेचा उगम तुम्हाला माहीत आहे, त्यावर तो रंग ओढा. रंगलेल्या प्रत्येक जागी नाव किंवा अवतरणचिन्ह आहे का ते पाहा. संपूर्ण परिच्छेद रंगला आणि तुमचं एकही वाक्य कोरं उरलं नाही, तर संदर्भ वाढवून भागणार नाही. तो परिच्छेद पुस्तकं मिटून नव्याने लिहावा लागेल.