कुंडीतला गुलाब आणि बागेतले शब्द

मराठीत ‘कलम’ हा शब्द बराच ऐसपैस वापरला जातो. झाडाची काडी कापून मातीत खोचली आणि तिला मुळे फुटली, तर ते छाट कलम. फांदी झाडावर असतानाच तिची साल गोल काढून तिथे ओले शेवाळ बांधले आणि मुळे फोडून घेतली, तर ती गुटी. एका झाडाचा भाग दुसऱ्या झाडाच्या खोडावर जोडला, तर तेही कलमच. पहिल्या दोन प्रकारांत रोप मुळापासून शेंड्यापर्यंत एकाच झाडाचे असते. तिसऱ्या प्रकारात मात्र खालचे झाड एक आणि वरचे दुसरे असते. रोपवाटिकेतून ‘कलमी’ रोप घेताना ते नेमके कोणत्या प्रकारचे आहे हे विचारून घ्यावे, कारण पुढची निगा त्यावर ठरते. घरच्या कुंडीतला गुलाब हे याचे सोयीचे उदाहरण आहे.

मोठ्या फुलांचे बहुतेक गुलाब डोळा भरून तयार केलेले असतात. पानाच्या बेचक्यात जी बारीक कळी असते, तिला बागवान डोळा म्हणतात. खाली काटक रानगुलाबाचे मुळासकट खोड असते, तो खुंट. खुंटाच्या सालीवर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा काप घेतात, साल हलकेच उचलतात आणि हव्या त्या जातीचा डोळा सालीच्या पातळ तुकड्यासह आत सरकवतात. मग डोळा उघडा ठेवून वरखाली प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळतात. साल सहज सुटत असेल तेव्हाच हे काम साधते. दोन-तीन आठवड्यांनी डोळा हिरवा राहिला, तर कलम जमले. तो काळा पडून सुकला, तर ते फसले. आंब्याच्या कोय कलमात हेच तत्त्व असते. तिथे कोवळ्या रोपाचे खोड मधोमध चिरून त्या चिरेत पाचरीसारखी तासलेली कलमकाडी बसवतात.

घरी आणलेल्या गुलाबावर हा सांधा खोडाच्या तळाशी गाठीसारखा दिसतो. रोप लावताना ती गाठ मातीच्या वर बोटभर तरी राहायला हवी. गाठीच्या खालून निघणारी प्रत्येक फूट खुंटाची, म्हणजे रानगुलाबाची असते. ती सरळ, जोमदार वाढते आणि वरच्या जातीचे अन्न खाऊन टाकते. ‘लाल गुलाब आणला होता, दोन वर्षांत रानटी झाला’ असे लोक म्हणतात, तेव्हा बहुधा हेच झालेले असते. पानांची संख्या मोजून खुंटाची फूट ओळखण्याची पद्धत भरवशाची नाही. माती थोडी उकरून फूट गाठीच्या वरून निघाली की खालून, एवढे पाहावे. खालची असेल, तर ती मुळाशी धरून ओढून काढावी. नुसती कापली, तर तळाशी उरलेल्या डोळ्यांतून पुन्हा दोन-तीन फुटी येतात.

पुढचा शब्द कुंडीच्या मातीचा. दुकानात तिला ‘पॉटिंग मिक्स’ म्हणतात. घरोघरी ‘कुंडीची माती’ किंवा ‘कुंडी भरण्याचे मिश्रण’ हेच शब्द आहेत. शेतातली नुसती काळी माती कुंडीत चालत नाही. ती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते, त्यात मुळांना हवा मिळत नाही. त्यापेक्षा पोयट्याची किंवा भुसभुशीत तांबडी माती बरी. गुलाबाच्या 12 इंची कुंडीसाठी एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले खत आणि एक भाग भिजवून मोकळे केलेले कोकोपीट घ्यावे आणि त्यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तो पाणी धरून ठेवतो, पण त्यात पोषण जवळजवळ नसते. म्हणून त्याला खताची जागा देता येत नाही.

मिश्रण जमले की नाही, हे हाताला कळते. ओलसर मूठभर माती दाबावी आणि बोटाने टोचावे. गोळा सुटून पडला, तर माती योग्य. तो पेढ्यासारखा घट्ट राहिला, तर चिकणमाती जास्त आहे. कुंडीच्या तळाच्या भोकावर खापरी पालथी ठेवावी, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाण्याचा निचरा होतो. कुंडी काठापर्यंत भरू नये. वर इंचभर जागा पाण्यासाठी सोडावी.

मिश्रणातला खताचा भाग सर्वांत काळजीने निवडावा लागतो. शेणापासूनचे ते शेणखत, गांडुळांनी तयार केलेले ते गांडूळखत, आणि ओला कचरा व पालापाचोळा कुजवून केलेले ते कंपोस्ट. कंपोस्ट हा शब्द आता मराठीत पूर्ण रुळला आहे. घरी ते करताना भाजीची देठे, साली असा ओला कचरा एक थर आणि त्याच्या साधारण दुप्पट सुका पाला, अशी रचना करतात. सुरुवातीला विरजण म्हणून थोडे जुने खत किंवा आंबट ताक घालतात. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला असावा. घाण वास आला, तर पाणी जास्त झाले आहे किंवा हवा कमी पडते आहे, तेव्हा सुका पाला मिसळून ढीग वरखाली करावा. काहीच घडत नसेल, तर ढीग कोरडा पडला आहे.

दोन-तीन महिन्यांत खत काळपट, भुगाभुगा होते आणि त्याला पावसानंतरच्या मातीचा वास येतो. देठे-साली ओळखू येत असतील, तर ते अजून कच्चे आहे. कच्चे खत कुंडीत गेले, की कुजण्याची क्रिया तिथेच चालू राहते. जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि झाडाची पाने पिवळी पडतात. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या अळ्याही कुंडीत येतात आणि मुळे कुरतडतात.

आता छाटणी. कोवळा शेंडा नखाने तोडणे म्हणजे खुडणे, दाटीवाटीने उगवलेल्या रोपांतली काही उपटणे म्हणजे विरळणी, आणि पक्के लाकूड कात्रीने कापणे म्हणजे छाटणी. द्राक्ष बागायतदारांकडे तिचेही दोन प्रकार आहेत: एप्रिलची खरड छाटणी नवी काडी घडवण्यासाठी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. महाराष्ट्रात गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये होते.

आधी वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळाशी काढाव्यात. चार-पाच निरोगी फांद्या ठेवून त्या साधारण फूट-दीड फुटावर कापाव्यात. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंचावर आणि डोळ्याच्या विरुद्ध दिशेला उतरता घ्यावा, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही आणि नवी फांदी बाहेर वाढून झाड मोकळे राहते. कापाच्या आत भेंड पांढरे असेल, तर फांदी जिवंत आहे. ते तपकिरी असेल, तर पांढरे दिसेपर्यंत खाली कापत जावे. नाहीतर फांदी शेंड्याकडून खाली वाळत येते. कापलेल्या टोकांना मोरचूद, चुना आणि पाणी यांची बोर्डो पेस्ट लावतात, त्यासाठी प्रमाण एक किलो, एक किलो आणि दहा लिटर असे धरतात. घरी तेच प्रमाण दहा-दहा ग्रॅम आणि शंभर मिलिलिटर असे पुरते. पहिल्याच वर्षीच्या रोपाला मात्र हलकीच छाटणी करावी.

15 ऑक्टोबरच्या सुमारास छाटलेल्या आणि मूठ-दोन मूठ खत दिलेल्या गुलाबाला साधारण दीड महिन्याने, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला फुले येतात.