सभासदांची नावं कुठे गेली?

सप्टेंबर म्हणजे सहकारी संस्थांच्या कचेऱ्यांत धावपळ. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि त्याआधी सभासदांना नोटिसा पोचवाव्या लागतात. समजा, एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेच्या व्यवस्थापक मॅडमनी पत्त्यांची लेबलं छापण्यासाठी सॉफ्टवेअरमधून सभासदांची यादी काढली. फाईलवर दोनदा क्लिक केलं, एक्सेल उघडलं, आणि 'राम' या नावाच्या जागी हे दिसलं:

```
à¤°à¤¾à¤®
```

सगळी नावं अशीच. चार दिवसांपूर्वी सॉफ्टवेअरचं नवं अपडेट आलेलं. मॅडमचा मेल कंपनीच्या मदत विभागात पोचतो: "तुमच्या अपडेटने आमची सगळी माहिती खराब केली. उद्या संध्याकाळपर्यंत लेबलं छापायची आहेत. काय करू?"

अशा मेलला साधारण दोन प्रकारची उत्तरं जातात. पहिलं: "एन्कोडिंगचा इश्यू आहे, यूटीएफ-८ मध्ये ओपन करा." ते खरं आहे, पण मॅडमना त्याचा काडीचा उपयोग नाही. दुसरं: "आमच्याकडे बरोबर दिसतंय." हेही बहुधा खरंच असतं, आणि जास्त चीड आणतं. मदत विभागातल्या एखाद्या संगणकावर विंडोजची `Beta: Use Unicode UTF-8 for worldwide language support` ही खूण कुणीतरी कधीतरी करून ठेवलेली असते. तिथे हीच फाईल एक्सेलमध्ये सुरळीत उघडते आणि दोष दिसतच नाही.

चांगलं उत्तर लिहायचं तर आधी दोष नीट कळायला हवा. संगणक अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. 'राम' मध्ये र, काना आणि म अशी तीन चिन्हं, म्हणजे नऊ बाइट. एक्सेलला ही सीएसव्ही फाईल यूटीएफ-८ मध्ये आहे हे कुणी सांगितलं नाही, तर ते विंडोजची जुनी पाश्चात्त्य तक्ता-पद्धत लावतं. त्या पद्धतीत एक बाइट म्हणजे एक अक्षर. म्हणून तीन चिन्हांच्या जागी नऊ उमटतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक, त्यामुळे या गोंधळात `à¤` आणि `à¥` याच जोड्या पुन्हा पुन्हा दिसतात. जाणकाराला तेवढ्यावरून निदान होतं: फाईल शाबूत आहे, वाचणारा चुकतोय.

"फाईल यूटीएफ-८ मध्ये आहे" हे एक्सेलला सांगायची सोय म्हणजे फाईलच्या अगदी सुरुवातीला असलेली, डोळ्यांना न दिसणारी तीन बाइटची खूण. आपल्या गोष्टीतलं सॉफ्टवेअर पूर्वी ती खूण लिहीत होतं. नव्या अपडेटमध्ये ती गळाली. दोष एवढाच आहे, आणि तो कंपनीचा आहे.

मात्र बिघडलेल्या मराठीची सगळी रूपं सारखी नसतात. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर त्या संगणकावर फॉन्टची उणीव असते. सरळ इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या एखाद्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो आणि इथे तो फॉन्ट नसतो. आणि नुसती प्रश्नचिन्हं दिसली, `????`, तर मामला गंभीर आहे. कुणीतरी बरोबर दिसणारी मराठी यादी एक्सेलमधून साध्या `CSV (Comma delimited)` प्रकारात जतन केलेली असते. त्या प्रकारात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी एक्सेल प्रश्नचिन्ह लिहून टाकतं. त्या फाईलमधून नावं पुन्हा निघत नाहीत.

म्हणून मदत विभागाच्या उत्तराचं पहिलं काम ग्राहकाला थांबवणं हे आहे. घाबरलेला माणूस काहीतरी करून बघतो, आणि त्यात `Save` दाबतो.

मी लिहिलं असतं ते उत्तर असं:

"मॅडम, स.न.वि.वि. तुमच्या सभासदांची माहिती सुरक्षित आहे. सॉफ्टवेअरमध्ये सभासदाचं पान उघडून पाहिलंत तर नाव नीट दिसेल. बिघाड फक्त बाहेर काढलेल्या यादीत आहे, आणि तो आमच्या अपडेटमुळे झाला आहे. फाईल मराठीत आहे हे एक्सेलला कळवणारी एक खूण अपडेटनंतर फाईलमध्ये लिहिली जात नाही. त्यामुळे एक्सेल ती चुकीच्या पद्धतीने वाचतं.

आत्ता एक्सेलमध्ये उघडलेली फाईल कृपया जतन न करता बंद करा. एक्सेलने विचारलं तर `Don't Save` निवडा. मग यादी सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढा, पण तिच्यावर दोनदा क्लिक करू नका.

आधी एक तपासणी. फाईलवर उजवं क्लिक करून ती `Notepad` मध्ये उघडा. तिथे नावं मराठीत दिसली तर पुढे जा. तिथेही बिघडलेली असली तर इथेच थांबा आणि मला फोन करा.

आता एक्सेल उघडा आणि कोरं पान घ्या. वरच्या `Data` मध्ये `From Text/CSV` दाबून ती फाईल निवडा. एक चौकट उघडेल. तिच्यात `File Origin` समोर `65001: Unicode (UTF-8)` निवडा. खालच्या नमुन्यात नावं लगेच मराठीत दिसायला हवीत. `Data Type Detection` समोर `Do not detect data types` निवडा आणि `Load` दाबा. वरच्या ओळीत `Column1`, `Column2` असं दिसेल. ते चालेल, तुमची शीर्षकं त्याखाली असतील.

काम झालं की नाही हे असं पाहा: सॉफ्टवेअरमधली सभासदसंख्या आणि यादीतल्या शीर्षकाखालच्या ओळी सारख्या असाव्यात, आणि शून्याने सुरू होणारे सभासद क्रमांक शून्यासकट दिसावेत. मग फाईल `Excel Workbook` प्रकारात जतन करा आणि लेबलं छापा.

तक्रार आमच्या तांत्रिक गटाकडे आजच दिली आहे. तिचा क्रमांक विषयाच्या ओळीत आहे. दुरुस्ती कधी येईल हे आत्ता सांगता येत नाही, पण उद्या दुपारी १२ पर्यंत मी तुम्हाला फोन करेन, दुरुस्ती झालेली नसली तरी. वरच्या पायऱ्यांनी काम झालं नाही तर तोवर थांबू नका. खाली माझा थेट नंबर आहे, आणि मी न भेटल्यास आमच्या वरिष्ठांचा. तुमची लेबलं उद्या छापायची आहेत हे त्यांना सांगून ठेवलं आहे."

या पत्रात `Do not detect data types` ही पायरी उगाच घातलेली वाटेल. मराठी दिसायला तिची गरज नाही. पण एक्सेल आकड्यांसारखं जे दिसेल त्याला आकडा समजतं: ००१२३ चं १२३ करतं, आणि बँक खात्याचा क्रमांक १५ अंकांपेक्षा लांब असला तर पंधराव्या अंकानंतरचे सगळे अंक शून्य करून टाकतं. नावं सुधारली या आनंदात हे कुणी पाहत नाही. पुढच्या महिन्यात त्याच यादीवरून लाभांश जमा करायचा झाला तर हे शून्य महागात पडतात. एक दोष दुरुस्त करणाऱ्या पायऱ्यांनी दुसरा निर्माण करू नये, एवढी काळजी उत्तर लिहिणाऱ्याने घ्यायचीच.

एक सोपा उपाय मी मुद्दाम दिला नाही. विंडोजमधली ती `Beta` खूण मॅडमच्या संगणकावर करायला सांगितली असती तरी यादी सुधारली असती. पण ती खूण संगणकावरच्या सगळ्या जुन्या प्रोग्रामांवर परिणाम करते. पतसंस्थेत एखादं जुनं मराठी सॉफ्टवेअर चालू असण्याची शक्यता बरीच असते, आणि ते बिघडलं तर तक्रार ज्याची त्याच्याकडे जाणार नाही, आपल्याकडे येणार. ग्राहकाच्या संगणकावर आपल्या सोयीसाठी कायमचा बदल करायला सांगू नये, असं माझं मत आहे.

आता वरच्या पायरीवर पाठवण्याचं. तक्रार पहिल्या टेबलावरून तांत्रिक गटाकडे आणि तिथून प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे जाते. दर पायरीवर नवा माणूस तेच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि ग्राहकाचा संयम तिथेच संपतो. ते टाळायचं तर पहिल्याच फेरीत चार गोष्टी मागाव्यात: सॉफ्टवेअरची आवृत्ती, विंडोज आणि एक्सेलची आवृत्ती, बिघाडाचं पडद्यावरचं चित्र, आणि मूळ फाईल. फाईल एकदाही एक्सेलमध्ये उघडून जतन केलेली नसावी, कारण जतन करताना सुरुवातीचे ते तीन बाइट होते की नव्हते याचा पुरावा पुसला जाऊ शकतो. म्हणून ती झिप करून मागवावी. पण पूर्ण यादी मागवू नये. तिच्यात शेकडो लोकांचे पत्ते आणि खाते क्रमांक असतात. सॉफ्टवेअरमध्ये एकाच गावाचे सभासद निवडून काढलेली छोटी यादी पुरते. दोष दहा ओळींतही तेवढाच दिसतो.

तांत्रिक गटाला लिहिताना "मराठी दिसत नाही" एवढं लिहिलं तर ते फॉन्ट शोधत बसतील. "अपडेटनंतर सीएसव्हीच्या सुरुवातीचे `EF BB BF` गेले आहेत, नोटपॅडमध्ये ठीक, एक्सेलमध्ये दोनदा क्लिक केल्यावर बिघाड, उद्या लेबलं छापायची" असं लिहिलं तर दोष कुठे शोधायचा आणि घाई किती, दोन्ही एका ओळीत कळतं. दुरुस्तीही तेवढीच लहान आहे. वेळ लागतो तो ती तपासून सगळ्या ग्राहकांपर्यंत पोचवायला.

तुम्ही ग्राहकाच्या खुर्चीत असाल तर तुमच्याकडूनही दोन गोष्टी हव्यात. बिघडलेली फाईल जशी निघाली तशी, न उघडता, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. आणि तक्रारीत काय बिघडलं याबरोबरच तुमचं कोणतं काम अडलंय आणि ते कधीपर्यंत व्हायला हवं, हेही लिहा.