रविवारची ५० मिनिटं आणि चुकांची वही

एलएल.बी.च्या अंतिम परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत बहुतेक विद्यार्थी एकच गोष्ट करतात: तेच पुस्तक पुन्हा वाचतात. तिसऱ्या वाचनाला पान इतकं ओळखीचं होतं की सगळं येतंय असं वाटू लागतं. ही फसगत मोजली गेली आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा मात्र न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. आपली परीक्षा तर आठवड्याहूनही लांब असते.

म्हणून वेळापत्रकाची सुरुवात रविवारपासून करावी. समजा, तुमचा पेपर ७५ गुणांचा आणि अडीच तासांचा आहे, म्हणजे एका गुणाला दोन मिनिटं. त्याच हिशेबाने दर रविवारी २५ गुणांची, ५० मिनिटांची छोटी परीक्षा द्यायची. त्यात १२ गुणांचा एक समस्याप्रश्न, ७ गुणांची एक टीप आणि दोन-दोन गुणांचे तीन प्रश्न असावेत. प्रश्न जुन्या प्रश्नपत्रिकांतून मित्राने काढावेत, आपण काढू नयेत. दोन-तृतीयांश गुण त्या आठवड्याच्या अभ्यासावर आणि उरलेले आधीच्या आठवड्यांवर. पुस्तक बंद, घड्याळ समोर, उत्तर हाताने. शेवटच्या दोन रविवारी पूर्ण पेपर.

खरं काम यानंतर सुरू होतं. एक उदाहरण घेऊ. पाण्याच्या पाळीवरून विहिरीवर 'अ' आणि 'ब' यांचं भांडण होतं. 'ब' अर्वाच्य शिव्या देतो. 'अ' घरी जातो, दोन तासांनी कोयता घेऊन परततो आणि 'ब'च्या मानेवर वार करतो. 'ब' मरतो. 'अ'चा गुन्हा कोणता?

एका विद्यार्थिनीने तीन पानं लिहिली. सदोष मनुष्यवध आणि खून यांतला फरक तिने बिनचूक मांडला, अपवादही सांगितले, आणि शेवटी 'अचानक प्रक्षोभ असल्याने खून नाही' असं लिहून मोकळी झाली. गुण १२ पैकी ४. 'हा धडा पुन्हा वाचायला हवा' असं तिने ठरवलं असतं, तर आणखी एक संध्याकाळ वाया गेली असती, कारण धडा तिला येतच होता. तिने दोन तासांचा हिशेब दिला नव्हता. प्रक्षोभामुळे गेलेला तोल परत यायला वेळ मिळाला असेल, तर अपवाद टिकत नाही. नानावटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली हेच पाहिलं: दुपारी दीडला घर सोडलं, गोळ्या ४.२० ला झाडल्या. मधला वेळ स्वतःला सावरायला पुरेसा होता. आपल्या प्रश्नात 'अ' घरी जाऊन हत्यार घेऊन आला, म्हणून 'अचानक झालेलं भांडण' हा दुसरा अपवादही कठीण होतो.

चुकांच्या वहीत तिची नोंद अशी झाली: 'नियम माहीत होता, प्रश्नातल्या वस्तुस्थितीला लावला नाही. दोन तास आणि कोयता, दोन्ही सुटले.' त्याखाली दुसरी: 'कलम ३०० लिहिलं. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचं कलम १०१.' जुन्या प्रश्नपत्रिकांवर सराव करणाऱ्यांकडून ही दुसरी चूक हमखास होते. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला मात्र दंड संहिताच लागू होते, म्हणून प्रश्नात तारीख दिली असेल तर ती आधी पाहावी.

प्रत्येक चुकीचं कारण लिहायलाच हवं, कारण पुढचा आठवडा त्यावर ठरतो. माहितीच नव्हती, तर सोमवारी तेवढंच कलम वाचायचं. मुद्दा ओळखता आला नाही, तर पाच समस्याप्रश्न घेऊन फक्त मुद्दे काढायचे. वेळ संपला, तर तेच उत्तर २४ मिनिटांत पुन्हा लिहायचं. तिच्यासारखी चूक असेल, तर वस्तुस्थिती बदलून लिहायचं: 'अ' घरी गेलाच नाही आणि तिथेच पडलेली काठी उचलली तर? 'अ'नेच आधी डिवचलं असेल तर? प्रत्येकाला दहा मिनिटं, फक्त नियम लागू करण्याचा परिच्छेद. सोमवार-मंगळवार या दुरुस्तीसाठी मोकळे ठेवायचे. नवा अभ्यास बुधवारपासून. तीच चूक पुढच्या रविवारी आणि पुन्हा तीन आठवड्यांनी, वेगळ्या प्रश्नातून तपासायची. दोन्ही वेळा सुटली नाही तर नोंदीवर रेघ मारायची.

आपलं उत्तर आपणच तपासताना हात सैल सुटतो, जे लिहिलं नाही तेही मनाने वाचलं जातं. म्हणून वह्यांची अदलाबदल करावी आणि तपासणाऱ्याने प्रश्नातली प्रत्येक वस्तुस्थिती उत्तरात कुठे वापरली, तिथे खूण करावी. वही सुबक नोट्ससारखी फुगू लागली, किंवा एकच कारण सलग तीन रविवारी आलं, तर नोंदी होत आहेत पण दुरुस्ती होत नाही असं समजावं. त्या आठवड्यात नवा विषय उघडू नये. त्या विद्यार्थिनीची कोयत्याची नोंद चौथ्या रविवारी खोडली गेली. कलम क्रमांकाची मात्र शेवटच्या पूर्ण पेपरापर्यंत तशीच होती.