डायरचा अहवाल आणि परीक्षेतला उतारा

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत एखाद्या मूळ साधनातला उतारा देऊन ‘हे साधन कितपत विश्वसनीय आहे?’ असे विचारले, की बहुतेक उत्तरपत्रिकांत ठरलेले उत्तर सापडते: लेखक इंग्रज आहे म्हणून पक्षपाती, आणि पक्षपाती आहे म्हणून अविश्वसनीय. याला फारसे गुण मिळत नाहीत, आणि मिळूही नयेत. कारण हे उत्तर उतारा न वाचताही लिहिता येते. साधनाची विश्वसनीयता नेहमी एखाद्या प्रश्नापुरती ठरते. एकच कागद एका प्रश्नाला भरवशाचा आणि दुसऱ्याला कुचकामी असू शकतो.

जालियनवाला बागेतील हत्याकांडावरचे जनरल डायरचे कागद या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. 13 एप्रिल 1919 रोजी अमृतसरला गोळीबार झाला. दुसऱ्याच दिवशी डायरने वरिष्ठांना कळवले, की आपल्याजवळ सैन्य थोडे होते, कचरलो असतो तर जमावाने हल्ला केला असता, म्हणून तत्काळ गोळ्या झाडल्या. 1650 फैरी झडल्या आणि अंदाजे 200 ते 300 माणसे मेली. 25 ऑगस्टला त्याने सविस्तर अहवाल दिला. त्यात जमाव पांगवण्याचा मुद्दा मागे पडतो. साऱ्या पंजाबवर वचक बसावा हा हेतू तो स्वतःच सांगतो. 19 नोव्हेंबरला लाहोरमध्ये हंटर समितीपुढे तर त्याने कबूल केले, की गोळीबार न करताही जमाव कदाचित पांगवता आला असता. बागेची वाट अरुंद नसती, तर चिलखती गाड्यांवरच्या मशीनगनही बहुधा वापरल्या असत्या, असेही तो म्हणाला. मार्च 1920 मध्ये त्याला पद सोडावे लागले. जुलैत लंडनच्या लष्करी वरिष्ठांपुढे त्याने जे निवेदन ठेवले, त्यात पुन्हा धोक्याचा मुद्दा पुढे आला: समोर बंडखोरांची फौज होती.

माणूस तोच, प्रसंग तोच. बदलले ते वाचक आणि उद्देश. एप्रिलमध्ये एका अधिकाऱ्याला घाईने कारण द्यायचे होते. ऑगस्टपर्यंत पंजाबच्या लेफ्टनंट गव्हर्नरने, मायकेल ओडवायरने, त्याच्या कृतीला पसंती दिलेली होती, त्यामुळे लष्करी वरिष्ठांना लिहिताना लपवण्यापेक्षा मिरवण्याकडे कल दिसतो. 1920 मध्ये अब्रू आणि नोकरी पणाला लागली होती. म्हणून उताऱ्याखालची तारीख आणि तो कुणाला उद्देशून आहे हे सांगणारी ओळ उताऱ्याइतकीच बारकाईने वाचावी लागते. विद्यार्थी नेमकी तीच ओळ गाळतात.

पूर्वग्रहाचा उपयोगही इथेच कळतो. डायरच्या लेखी जमाव बंडखोरांचा होता. बागेत बैसाखीसाठी आलेले गावकरीही होते, हे त्याच्या कागदांवरून उमगत नाही. बागेत कोण होते, यासाठी तो वाईट साक्षीदार. पण गोळीबार करणाऱ्याच्या मनात काय होते, या प्रश्नाला त्याच्या ऑगस्टच्या अहवालाइतके वजनदार साधन क्वचितच मिळेल. त्यातली कबुली त्याच्या अंगाशी येणारी होती, आणि स्वतःला बाधक ठरेल असे माणूस सहसा उगाच लिहीत नाही. अर्थात वचक बसवल्याची भाषा आपल्या वरिष्ठांत शौर्य म्हणून खपेल, असे त्याला वाटत असावे. उत्तरात ही शंकाही नोंदवावी.

आकड्यांतही फरक करावा लागतो. फैरी लष्करात मोजल्या जातात. 1650 हा आकडा म्हणूनच भरवशाचा. मृतांचा आकडा मात्र जखमींकडे न पाहता निघून गेलेल्या माणसाचा अंदाज आहे. सरकारी आकडा पुढे 379 ठरला. काँग्रेसच्या चौकशी समितीच्या मते मृत सुमारे हजार होते. या समितीत गांधीजींबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मु. रा. जयकरही होते. तिलाही सरकारला जाब विचारायचा होता, म्हणून तिच्या आकड्याची छाननी डायरच्या आकड्याइतकीच कसून करावी लागते.

चार गुणांच्या प्रश्नाला एवढा पसारा लागत नाही. ‘डायरच्या हेतूंचा अभ्यास करणाऱ्याला हा अहवाल उपयुक्त आहे, कारण तो स्वतः डायरने लष्करी वरिष्ठांसाठी लिहिला आणि पंजाबला वचक बसवण्याचा उद्देश त्यात उघड मांडला. मात्र तो घटनेनंतर चार महिन्यांनी, कृतीच्या समर्थनासाठी लिहिलेला असल्याने त्या क्षणी त्याने हाच विचार केला होता असे त्यावरून सिद्ध होत नाही. 14 एप्रिलच्या अहवालात वेगळे कारण आहे.’ असे लिहिले तर पुरे. यातले प्रत्येक ‘कारण’ उताऱ्यातल्या किंवा त्याखालच्या एखाद्या शब्दाला बांधलेले आहे. परीक्षक नेमके तेच शोधत असतो.