पात्या वाढल्या, गारवा घटला

अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीला अ‍ॅल्युमिनियमचा जो दातेरी ठोकळा असतो, तो हीट सिंक. ट्रान्झिस्टरची उष्णता आधी त्याच्या पात्यांत पसरते आणि तिथून हवेत जाते. मग पात्या जितक्या जास्त तितकं बरं, असं कुणालाही वाटेल. पंखा नसेल, तर इथेच फसगत होते.

समजा, ठोकळ्याचा तळ 100 मिमी रुंद आणि 100 मिमी उंच आहे. पात्या उभ्या, दीड मिमी जाड आणि 30 मिमी बाहेर आलेल्या. ठोकळा 70 अंशांवर, खोली 30 अंशांवर. सात पात्या बसवल्या तर दोन पात्यांमध्ये जवळजवळ 15 मिमी फट राहते आणि हिशेबाने 11 वॅट उष्णता बाहेर पडते. तेरा पात्यांना फट 6.7 मिमी, उष्णता साधारण 17 वॅट. आता हात सैल सोडून पंचवीस बसवा. पृष्ठभाग जवळजवळ दुप्पट होतो, फट 2.6 मिमी उरते आणि उष्णता येते तीन वॅटच्या आसपास!

असं का? तापलेल्या पातीला हवेचा एक गरम थर चिकटून वर सरकत असतो. फट अरुंद झाली की समोरासमोरचे थर एकमेकांत मिसळतात. हवेला दोन्ही भिंतींचं घर्षण नडतं, ती जवळपास अडकून पडते, आणि पातीइतकीच तापलेली हवा पातीची उष्णता काय घेणार? उलट फट फार रुंद असेल, तर मधली हवा पातीला न शिवताच वर निघून जाते.

समांतर पट्ट्यांमधल्या या खेळाचा पाया एलेनबास या डच शास्त्रज्ञाने 1942 साली घातला. पुढे 1984 मध्ये बार-कोहेन आणि रोसेनाव यांनी योग्य फटीचं सूत्र दिलं. वरचे आकडे त्याच पद्धतीने काढलेले आहेत. सूत्रात उंची येते, पण तिचा परिणाम सौम्य असतो: ठोकळा दुप्पट उंच केला तर 6.7 ची फट जेमतेम 8 मिमी होते.

मात्र हे सूत्र पुढूनही बंद असलेल्या फटींचं आहे. खऱ्या हीट सिंकमध्ये समोरून थोडी हवा शिरते, म्हणून पंचवीस पात्यांची अवस्था इतकी वाईट होत नाही. तरी तेराची बरोबरी त्यांना साधत नाही.

तपासायला उदबत्ती पुरते. ठोकळा तापल्यावर ती फटींच्या खाली धरावी. धूर फटीत शिरून वरून बाहेर पडला तर ठीक. बाजूने वळसा घालून निघून गेला, तर फट अरुंद आहे किंवा धुळीने बुजली आहे. ठोकळा आडवा बसवल्यामुळे पात्या जमिनीला समांतर झाल्या असतील, तरी धूर असाच चुकतो.

पंखा असला की हिशेबच बदलतो. तो हवा ढकलत असल्याने दोन-तीन मिमीची फटही चालते, म्हणून संगणकातले कूलर इतके दाट दिसतात. तसला दाट ठोकळा जुन्या संगणकातून काढून पंख्याविना अ‍ॅम्प्लिफायरला लावला, तर मात्र गाठ पुन्हा त्या पंचवीस पात्यांशीच पडते.